ताप गेला तरी दहा दिवसांचं औषध का पाजायचं?

"मुलगा 8 वर्षांचा. घशात पू दिसतो म्हणून डॉक्टरांनी 10 दिवस अमॉक्सिसिलिन लिहून दिलं. तिसऱ्याच दिवशी ताप गेला, पोरगा खेळतोय. सासूबाई म्हणतात, आता कशाला? बंद केलं तर चालेल का?" (यावल)

ताई, बंद करू नका. मी जळगाव जिल्ह्यात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते, म्हणून कळकळीने सांगते. घशात असा पू करणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूचा ताप औषध न देताही चार-पाच दिवसांत उतरतो, पण जंतू घशात राहतात. काही मोजक्या मुलांत या जंतूंशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. हाच संधिवाताचा ताप, रुमॅटिक फीव्हर. तो 5 ते 15 वर्षांच्या मुलांत जास्त दिसतो, आणि घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी येतो. म्हणून घशाशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

पारोळ्याकडचा एक नऊ वर्षांचा मुलगा आठवतो. कापूस वेचणीचे दिवस, ताप उतरला तसं औषध थांबलं. पुढे एक दिवस "माय, पाय दुखस" म्हणू लागला. आधी गुडघा सुजला. तो उतरतो तोच घोटा, मग मनगट. घरच्यांना वाटलं, खेळताना लागलं असेल. दुखणं असं एका सांध्यातून दुसऱ्यात फिरतं, हीच याची खूण. आमच्याकडे आणला तेव्हा जिना चढताना धापत होता, आणि इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची मायट्रल झडप गळताना दिसली. सांधे पूर्ण बरे झाले, झडप नाही. त्याला दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं कमरेतलं इंजेक्शन सुरू झालं, आणि ते पुढे कित्येक वर्षं घ्यावं लागतं, कारण पुन्हा घसा बिघडला तर झडप आणखी खराब होते.

आता तुमची बाटली बघा. समजा एका वेळी 10 मिलि, दिवसातून दोनदा सांगितलंय. म्हणजे 10 दिवसांना 200 मिलि लागतं, आणि 60 मिलिची बाटली तिसऱ्याच दिवशी संपते. पुष्कळ घरी कोर्स इथेच तुटतो. शिवाय पाणी घालून तयार केलेलं औषध किती दिवस चालतं ते लेबलवर असतं, बऱ्याचदा 7 दिवसच. त्यामुळे पुढच्या बाटल्या आजच आणा, पण पावडरमध्ये पाणी लागेल तेव्हाच घाला.

एक-दोन दिवस चुकले असतील तर डॉक्टरांना फोन करा. घसा धरल्यापासून 9 दिवसांच्या आत नीट उपचार सुरू झाले तरी हा आजार टळतो. सासूबाईंना हेही सांगा की प्रत्येक घशाला अँटिबायोटिक लागत नाही. नाक गळतंय, खोकला आहे, तर बहुधा तो व्हायरल असतो. खोकला नसताना ताप, गिळताना दुखणं, टॉन्सिलवर पांढरं आणि जबड्याखाली दुखरी गाठ, असं असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवं.