बिघडलेली मासिक फाइल पुरवठादाराकडून परत कशी मागवावी?

पुरवठादाराची जुलैची सीएसव्ही फाइल खराब आली आहे. बारकोड 8.90123E+12 असे दिसतात, तारखाही चुकीच्या आहेत. परत पाठवा म्हणून पत्र कसं लिहू?

पत्र लिहायच्या आधी एक करा. मेलमधली मूळ फाइल पुन्हा उतरवून घ्या आणि ती एक्सेलमध्ये न उघडता नोटपॅडमध्ये उघडा. नोटपॅडमध्ये बारकोडचे तेराही आकडे दिसत असतील तर फाइल ठीक आहे. एक्सेल लांब आकडा आखडून दाखवतं आणि बिघाड तुमच्याकडच्या उघडण्यात झाला आहे. मग ती Data मधल्या From Text/CSV ने घ्या आणि बारकोड व तारीख या दोन्ही रकान्यांचा प्रकार Text ठेवा. पत्राची गरजच उरणार नाही.

नोटपॅडमध्येही 8.90123E+12 असेल तर त्यांच्याकडे कुणीतरी फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली आहे. सीएसव्हीत सेव्ह करताना एक्सेल पडद्यावर दिसतं तेच लिहितं, म्हणून पुढचे आकडे कायमचे गेले. रकाना नंतर 'नंबर' केला तर 8901230000000 दिसेल, आणि ते शून्य खरे नाहीत. एकाच कंपनीच्या बारकोडांची सुरुवात सारखी असते, त्यामुळे तिचा साबण आणि शॅम्पू एकाच कोडखाली येतात. विक्रीची बेरीज बरोबर येते, माल मात्र चुकीचा दिसतो. ही चूक सगळ्यात उशिरा लक्षात येते.

मी बडोद्यात मकरपुऱ्याला एका वितरण कंपनीत विक्रीचा डेटा बघते. आमचा एक पुरवठादार नाशिकचा, त्यामुळे पत्रव्यवहार मराठीतच. पहिल्यांदा मी त्यांना नुसतं 'फाइल करप्ट आहे, परत पाठवा' असं लिहिलं. त्यांनी तीच फाइल पुन्हा फॉरवर्ड केली आणि माझे चार दिवस गेले. तेव्हापासून ओळीचा क्रमांक देते आणि 'सॉफ्टवेअरमधून नव्याने काढा' हे स्पष्ट लिहिते. त्यानंतर पाठवलेलं पत्र असं होतं:

> सप्रेम नमस्कार,
>
> जुलै 2024 ची विक्री फाइल 5 ऑगस्टला मिळाली. ती नोटपॅडमध्ये तपासली. त्यात तीन चुका आहेत.
>
> बारकोडच्या रकान्यात पूर्ण आकडे नाहीत. उदाहरणार्थ ओळ 214 (साबण) आणि ओळ 215 (शॅम्पू), दोन्हींचा कोड 8.90123E+12 आहे. हे आम्हाला इथे दुरुस्त करता येत नाही.
>
> 1 ते 12 जुलैच्या तारखांत दिवस आणि महिना उलटे झाले आहेत. 3 जुलैची विक्री 07-Mar-2024 अशी आहे, तर 13 तारखेपासून पुढे 13/07/2024 असं बरोबर आहे.
>
> आपल्या मेलप्रमाणे शीर्षक सोडून 18,612 ओळी हव्यात, फाइलमध्ये 18,240 आहेत. शेवटची ओळ नगसंख्येवर तुटली आहे, रक्कम नाही.
>
> कृपया जुनी फाइल फॉरवर्ड न करता बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून नव्याने एक्स्पोर्ट करावी, मध्ये एक्सेलमध्ये उघडू नये आणि झिप करून पाठवावी. सोबत ओळींची संख्या आणि एकूण रक्कम कळवावी. आमचा अहवाल गुरुवारी जातो, म्हणून बुधवारी दुपारपर्यंत मिळाली तर बरं होईल. काही अडलं तर फोन करावा, मी ओळ क्रमांक घेऊन बसते.

तारखांची चूक ओळखणं सोपं आहे. जुलैच्या फाइलमध्ये जानेवारी ते डिसेंबर सगळे महिने दिसतात आणि प्रत्येकाची तारीख 7 असते. अमेरिकन सेटिंगच्या संगणकावर 03/07 म्हणजे 7 मार्च धरला जातो. तेरावा महिना नसतो, म्हणून 13/07 ला हात न लागता ते मजकूर म्हणून राहतं. या तारखा उलटवून बसवता येतात, पण मी त्या स्वतः बसवत नाही. आपण बदललेली फाइल आणि त्यांच्याकडची नोंद वेगळी पडली की वाद होतो.

ओळी कमी असणं हा एक्सेलचा दोष नाही, फाइल अपलोड किंवा कॉपी होताना अर्धवट राहिलेली असते. म्हणून नव्या फाइलबरोबर हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा तिचा ओळख-आकडा, मागितलेला चांगला. त्यांच्याकडे विंडोज असेल तर झिप ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे कमांड प्रॉम्प्ट उघडून एवढंच चालवायचं:

```
certutil -hashfile july.zip SHA256
```

आलेला लांब आकडा त्यांनी मेलमध्ये चिकटवायचा आणि तुम्ही उतरवलेल्या झिपवर तीच कमांड चालवायची. दोन्ही आकडे जुळले तर वाटेत काही तुटलं नाही. पण बारकोड आधीच बिघडलेले असतील तर हॅश तरीही जुळेल. त्यामुळे नवी फाइल आली की नोटपॅडमध्ये उघडा आणि आधी 214 व्या ओळीसारखी तुम्ही कळवलेली ओळ शोधून बघा.