चुकल्यास एक गुण वजा

"माझी मुलगी सातवीत आहे. शाळेच्या रीझनिंग क्लबने दर शुक्रवारी कोड्यांची स्पर्धा सुरू केलीय. सूचनेत 'चुकीच्या उत्तराला एक गुण वजा' असं वाचल्यापासून ती घाबरलीय. घरी कोडी सोडवते, पण तिथे चार-पाच कोरी सोडून येते. तिचं नाव काढून घेऊ का?"

नाव काढण्याआधी ती सूचना आणि मुलीचा कच्चा कागद समोर ठेवून बसलो. नियम स्पष्ट होते : 10 कोडी, 30 मिनिटं. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीला वजा 1, कोऱ्याला शून्य. आठ कोड्यांना चार-चार पर्याय, शेवटच्या दोघांचं उत्तर आकड्यात लिहायचं. महिन्यातल्या चार फेऱ्यांपैकी सर्वोत्तम तीन धरणार. हा शेवटचा नियम तिने वाचलाच नव्हता. म्हणजे एखादा शुक्रवार बिघडला तरी तो आपोआप गळतो.

तिची पाच उत्तरं बरोबर, एक चूक, चार कोरी. एकूण 19.

खरी गोष्ट कच्च्या कागदावर दिसली. एका कोड्यात शर्यतीत दुसरं कोण, ते शोधायचं होतं. ओम जयच्या लगेच मागे आला, तनू शेवटची. एवढ्यावरून तनू बाद होते आणि मीराही, कारण ओम-जयची जोडी फुटत नाही. मीरा पहिली किंवा तिसरीच असणार. दोन्ही नावांवर तिने फुली मारली होती. 'मीरा जयच्या आधी आली' ही तिसरी सूचना वापरली असती तर उत्तर 'जय' निघालं असतं. तेवढा वेळ उरला नाही, म्हणून कोडं कोरं! बाकीची तिन्ही कोरी कोडीसुद्धा अशीच दोन पर्यायांवर अडलेली.

तिला नाणं दिलं. चार कोड्यांसाठी चार वेळा उडव. छाप आला तर 4 गुण, काटा आला तर वजा 1. दोन-तीन फेऱ्यांतच तिच्या लक्षात आलं, की चारांतलं एक जरी बरोबर आलं तरी 4 वजा 3, म्हणजे एक गुण पदरात पडतो. चारही चुकण्याची शक्यता सोळात एक. भीती 'वजा' या शब्दाची होती, हिशेबाची नव्हती.

आता शेवटची तीन मिनिटं राखून ठेवायची आणि जिथे दोन फुल्या आहेत तिथे उरलेल्यांतला एक पर्याय निवडायचा, एवढंच ठरलं. आकड्याच्या उत्तरात मात्र अंदाज नको. तिथे नेम लागणं जवळजवळ अशक्य, ते कोरंच बरं.

यात एक धोका आहे. धीर आला की मुलं विचार न करताच ठोकू लागतात. चारही पर्याय उघडे असताना अंदाजाचा फायदा सरासरी फक्त पाव गुण, आणि कोडं सोडवायची सवय मोडते ती वेगळीच. म्हणून दर शुक्रवारी गुण विचारण्याआधी चुकलेल्या उत्तरांशेजारी फुल्या आहेत का ते पाहा. फुल्या नसतील तर त्या कोड्यांवर तिच्यासोबत पुन्हा बसा.