घास पुढे केला की आई तोंड फिरवते

"आई चार महिने अंथरुणावर आहे. घास पुढे केला की मळमळतं म्हणते, दोन घासांत हात आडवा करते. मी रागावते, मग रडते. काय करू?"

ही आई 78 वर्षांची, खुब्याचं हाड मोडलेली. पहिल्या भेटीत मी लेकीला सल्ला दिलाच नाही. तीन दिवसांची वही मागितली: काय दिलं, कधी दिलं, त्याआधी काय घडलं. वागणं कळायचं तर त्याच्या आधीचा अर्धा तास बघावा, ही माझी जुनी खोड. वहीत दिसलं ते असं: सकाळी उपाशीपोटी लोहाची गोळी, बाराला शेजारच्या स्वयंपाकघरात फोडणी, साडेबाराला भरलेलं ताट. आणि पोट साफ होऊन चौथा दिवस.

घरी गेले तेव्हा लेकीला चहा करायला पाठवलं आणि विचारलं, "आजी, पाणी का नाही पीत?"

बराच वेळ गप्प. मग हळूच, "प्यायलं की भांडं मागावं लागतं. ती कामाची पोर, किती उचलणार?"

सगळं उलगडलं ते इथे. भांड्याच्या लाजेनं पाणी तोडलं, पाणी कमी म्हणून पोट तटलं, तटलेल्या पोटानं मळमळ वाढली. त्यात लोहाची गोळी आणि दुखण्याच्या काही गोळ्याही पोट बांधतात. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो आणि कारण पलंगाखाली होतं. (हे सुचलं म्हणून त्या रात्री मी स्वतःवर जरा खूशच होते.)

भांड्याच्या वेळा ठरवल्या, म्हणजे मागायची वेळच येऊ नये. गोळ्यांची वेळ आणि पोट साफ व्हायचं औषध डॉक्टरांनी ठरवून दिलं. ताट बंद झालं. जागेपणी दर दोन तासांनी अर्धी वाटी: मऊ भात नि मुगाचं वरण, नाचणीची पेज, दही-केळं, वर चमचाभर तूप, कारण घास थोडे तर त्यांत जीव हवा. खाणं कोमट किंवा गार, वाफेच्या वासानं मळमळ उठते. खाण्याआधी चूळ, दोन साळीच्या लाह्या. पाणी जेवणाबरोबर नाही, मधल्या वेळात घोट घोट. पाठीला उशा लावून शक्य तितकं ताठ बसवायचं आणि नंतर अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. चमचा आजींच्या हातात. "बास" म्हटलं की बास.

गिळताना ठसका लागत असेल, आवाज घोगरा ओला होत असेल तर मात्र भरवणं थांबवून डॉक्टरांना गाठायचं. उलटी हिरवी किंवा काळपट झाली, पोट फुगून वाराही सरेना, लघवी फार कमी झाली किंवा माणूस गुंगीत जाऊ लागलं, तरीही तसंच. तिथे माझी वही कामाची नाही.

तिसऱ्या आठवड्यात लेकीचा फोन आला. "ताई, आज पेजेबरोबर लिंबाच्या लोणच्याचा खार मागितला तिनं. देऊ का?"

"बोटभर," मी म्हटलं.