खरबरीत कोब्यावरचे ऑइल-ग्रीसचे डाग कसे काढायचे?

प्रश्न: पोर्चमध्ये गाडी लावतो तिथे कोब्यावर इंजिन ऑइलचा वीतभर काळा डाग पडलाय, बाजूला ग्रीसपण सांडलंय. ॲसिड टाकलं, वॉशिंग पावडरने घासलं. ओलं असताना गेल्यासारखं वाटतं, वाळलं की परत दिसतो. काय करू?

ॲसिड आधी बंद करा. त्याचा फेस येतो तो सिमेंटमधला चुना विरघळल्यामुळे. ऑइलला त्याने काहीच होत नाही. उलट डागाभोवतीचं सिमेंट खाल्लं जातं, वाळू उघडी पडते आणि पुढच्या वेळी सांडलेलं ऑइल आणखी लवकर मुरतं.

डाग परत का दिसतो, तर कोबा सच्छिद्र असतो. घासून वरचं ऑइल निघतं, आतलं छिद्रांतच राहतं आणि फरशी वाळताना हळूहळू वर येतं. म्हणून जुन्या डागाला घासणं पुरत नाही, आतलं ऑइल ओढून घेणारा लेप लागतो.

ग्रीस पहिल्यांदा जुन्या थापीने किंवा पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढा. कापडाने पुसू नका, ते खड्ड्यांत दाबलं जातं. तारेचा ब्रशही नको. त्याच्या तारा तुटून खरबरीत भागात अडकतात आणि पुढे तिथे गंजाचे ठिपके उमटतात. फरशी घासायचा कडक नायलॉनचा ब्रश चांगला.

आता लेप. वीतभर डागाला रंगाच्या दुकानातून किलोभर व्हायटिंग पावडर (खडूची पावडर) आणि अर्धा लिटर टर्पेंटाइन आणा. प्लॅस्टर ऑफ पॅरिस किंवा कोरडं सिमेंट याच्या जागी वापरू नका, ते तिथेच घट्ट बसेल. फरशी पूर्ण कोरडी हवी, कारण छिद्रांत पाणी भरलेलं असलं की टर्पेंटाइन आत जात नाही. पावडरीत टर्पेंटाइन थोडं थोडं घालत लोण्याइतकं घट्ट कालवा. साधारण चारशे मिली लागेल, पण मापापेक्षा घट्टपणा बघा: लेप तिरका धरला तरी ओघळता कामा नये. पातळ झाला तर तो ऑइलसकट पसरतो आणि डाग मोठा होतो. डागाच्या चारी बाजूंना दोन बोटं जास्त घेऊन पाव इंच जाडीचा थर द्या.

वर प्लॅस्टिकचा कागद टाकून कडा दगडांनी दाबा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे विसरलात तर सगळं वाया जातं, कारण टर्पेंटाइन तासाभरात उडून जातं आणि ऑइल पातळ व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून लेप ऊन उतरल्यावर लावा आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी कागद काढा. आता लेप वाळू द्यायचा, कारण वाळतानाच पातळ झालेलं ऑइल पावडरीत चढतं. पांढरी पावडर खालच्या बाजूने पिवळट-तपकिरी झाली म्हणजे काम होतंय. पूर्ण वाळल्यावर खरवडून झाडून घ्या.

टर्पेंटाइन पेट घेतं. गाडी बाहेर काढा, जवळपास बिडी-काडी नको, हातमोजे घाला. पेट्रोल तर मुळीच नको.

नंतर धुवायचं. बोअरचं पाणी जड असेल तर साबण फुटतो आणि फरशीवर पांढरा साका बसतो. बादलीभर गरम पाण्यात दोन मूठ धुण्याचा सोडा (खायचा नव्हे) टाकून मग त्यात वॉशिंग पावडर घाला. सोड्याने पाणी मऊ होतं. डागावर ओतून पंधरा-वीस मिनिटं भिजू द्या, वाळायला लागलं तर पुन्हा ओलं करा, आणि गोल गोल घासा. घाण पाणी गटारात किंवा झाडात न सोडता सॉ मिलचा भुसा टाकून उचला. टंचाईच्या दिवसांत पाइप लावून धुण्यापेक्षा हे परवडतंही.

झालं की नाही हे कोरड्या फरशीवर पाण्याचा थेंब टाकून कळतं. थेंब गोळ्यासारखा उभा राहिला तर आत ऑइल आहे, लेप पुन्हा द्या. लगेच मुरून ओला ठिपका पडला तर ऑइल गेलं. मुरलेल्या डागाला दोन-तीन लेप लागणं काही विशेष नाही. वापरलेल्या ऑइलचा काळेपणा त्यातल्या काजळीचा असतो. तिचे कण वाळूच्या दाण्यांत अडकले की थोडी करडी झाक राहते, ती बहुधा जात नाही. तिथे रंग किंवा नवा सिमेंटचा थर द्यायचा असेल तरी थेंबाची परीक्षा पास झाल्याशिवाय देऊ नका, पापुद्रा सुटून येईल.

पुढे ताजं ऑइल सांडलं तर पाणी मारू नका. त्याच मिनिटाला वर भुसा टाका, पायाने न रगडता तासभर राहू द्या, मग झाडा. आणि गाडीचा ड्रेन बोल्ट किंवा सील गळत असेल तर ते आधी बदलून घ्या, तोवर खाली जुना पत्र्याचा ट्रे ठेवा.