रात्रपाळी, घोरणं आणि बीपी: आधी काय बदलावं?

प्रश्न: आमचे मिस्टर वाळूजच्या कंपनीत रात्रपाळी करतात, दिवसा झोपतात पण खूप घोरतात. गोळी चालू असून बीपी १५०/९६ येतो. आधी काय बदलू?

उत्तर: ताई, आधी घोरण्याकडे बघा. ते झोपलेले असताना दहा-पंधरा मिनिटं जवळ बसा. घोरणं मधेच थांबतं, श्वास बंद पडतो आणि मग दचकून मोठा श्वास घेतात, असं दिसलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. हा स्लीप ॲप्निया असू शकतो. घशाची वाट मिटते, रक्तातला ऑक्सिजन घसरतो आणि शरीर घाबरून बीपी वर ढकलतं. एरवी झोपेत बीपी साधारण १० ते २० टक्के उतरतो, ॲप्नियात तो बरेचदा उतरत नाही. म्हणून गोळी अपुरी पडू शकते. निदान स्लीप स्टडीने, म्हणजे झोपेत श्वास आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या तपासणीने होतं. त्रास जास्त असेल तर सीपॅप मशीन लागतं, ते झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घशाची वाट उघडी ठेवतं.

तोवर कुशीवर झोपू द्या. झोपण्याआधी दारू किंवा झोपेची गोळी अजिबात नको, त्याने घसा आणखी सैल पडतो.

पाळीचं नंतर. सकाळी आल्यावर सलग सात तास झोप मिळू द्या, खिडकीला जाड पडदा लावा, पाहुण्यांना सांगून ठेवा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत दिवसा झोप लागणं कठीणच, तेव्हा घरातली सगळ्यात थंड खोली त्यांना द्या.

बीपी ड्युटीवरून आल्या आल्या मोजू नका. झोपून उठल्यावर पाच मिनिटं शांत बसवून मोजा. गोळी मनाने बंद करू नका. गाडी चालवताना डुलकी येत असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.