नणंदेची ट्यूब आणि गालावरचे वांग

प्रश्न: पाचवा महिना चालू आहे, दोन्ही गालांवर वांग आलेत. नणंद म्हणते माझी ट्यूब लाव, आठ दिवसात साफ होते. मागे सगळं बारीक इंग्रजीत आहे, काही कळत नाही. लावू का? नाही तर मग काय लावू?

ताई, नका लावू. मी यवतमाळ जिल्ह्यात एका खेड्यातल्या मेडिकलवर बसते, डी.फार्म केलेलं आहे, आणि वांगाची म्हणून घरोघर जी ट्यूब फिरते ती मला रोज काउंटरवर दिसते. तुमच्या नणंदेची तीच असेल असं मी छातीठोक नाही सांगत, पण आठ दिवसात साफ होते म्हटलं की मला तीच आठवते.

मागच्या महिन्यात आमच्या गावची एक पोरगी, तिलाही पाचवाच, अशीच अर्धी पिळलेली ट्यूब घेऊन आली की ताई दुसरी द्या. मी ट्यूब उलटी केली आणि तिलाच वाचायला लावलं. कंपनीचं नाव सोडा, बारीक अक्षरात कंपोझिशन लिहिलेलं असते तिथं पाहा. तिच्या ट्यूबवर हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के आणि मोमेटासोन ०.१ टक्के अशी तीन नावं होती. आता हे एकेक काय करते ते ऐका. हायड्रोक्विनोन रंग फिका करते, पण कातडीतून बरंच आत जाते, लावलेल्यातलं तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही जास्त रक्तात उतरू शकते, म्हणून गरोदरपणात टाळतात. ट्रेटिनॉइन हे व्हिटॅमिन ए च्या घरातलं. याच घरातली आयसोट्रेटिनॉइनची गोळी पोटातल्या बाळाला नक्की बाधते, क्रीममधून फार थोडं आत जाते तरी डॉक्टर तेही बंद करायला सांगतात. म्हणून नावात कुठंही रेटिन किंवा ट्रेटिन दिसलं, अडापालीन दिसलं, की बाजूला ठेवा. मुरुमाच्या आणि सुरकुत्यांच्या क्रीममध्येही हे असते. तिसरं मोमेटासोन, ते स्टेरॉइड. आठ दिवसात चेहरा उजळ वाटतो त्यात याचा मोठा हात, आणि मग सोडलं की तोंड लाल होते, आग होते, वांग परत येतात, त्यामुळे बाई पुन्हा तीच ट्यूब मागते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही पण त्याचीच भावंडं, आणि जोरदार स्टेरॉइड गरोदरपणात खूप लावलं तर बाळाचं वजन कमी भरू शकते.

आणखी एक खूण सांगते, इंग्रजी नाही आलं तरी चालते. लेबलवर उभी लाल रेघ असली की ती चिठ्ठीवरची औषधं, कुणाच्या सांगण्यावरून लावायची नाहीत.

पण मला खरी भीती वाटते ती बाजारातल्या किंवा पार्लरमधल्या बिनलेबलच्या डबीची. घटक लिहिलेले नाहीत, लायसन्स नंबर नाही, कारखान्याचा पत्ता नाही, अशी डबी घेऊच नका. त्यात पारा असू शकतो. कधी मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल असं लिहितात पण बहुतेक लिहीतच नाहीत. सोन्या-चांदीला लागू देऊ नका अशी सूचना असली तर ओळखा, पाऱ्यानं सोनं पांढरं पडते म्हणून ती लिहितात, आणि तुमचं मंगळसूत्र तर गळ्यातच असते. पारा नाळेतून बाळापर्यंत जातो. अकोल्यातल्या एकाच घरातल्या बायकांच्या किडन्या अशा क्रीमनं बिघडल्याची बातमी २०२३ मध्ये आपल्याकडे आली होती.

मग लावायचं काय? गरोदरपणातले वांग हार्मोन बदलल्यानं येतात आणि ऊन त्यांना गडद करते, म्हणून ऊन अडवणं हाच मोठा इलाज. सनस्क्रीन घेताना झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड लिहिलेलं, एसपीएफ ३० च्या वरचं घ्या, ते कातडीवरच बसून राहते. ऑक्सीबेन्झोन किंवा बेन्झोफेनोन-३ असलेलं सोडा. दोन बोटांवर रेघ काढाल तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागते, लोक चिमूटभर लावतात आणि मग म्हणतात काही फरक नाही. वावरात जायचं असलं तर दोन-तीन तासांनी परत लावा आणि वरून दुपट्टा तोंडाला बांधाच, तो सुती असू द्या. रात्री साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा व्हॅसलिन पुरे. लिंबू, टूथपेस्ट, सोडा काही घासू नका, आग झाली की डाग अजून काळा पडते. डॉक्टरच्या सल्ल्यानं अझेलॅइक ॲसिडची क्रीम गरोदरपणात वापरता येते, पण ती विचारूनच. बऱ्याच जणींचे वांग बाळंतपणानंतर काही महिन्यात आपोआप फिके होतात.

आणि चार-दोन दिवस ती ट्यूब लावून झाली असेल तर घाबरू नका, आजपासून बंद करा, पण फेकू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते, तिथं ती घेऊन जा आणि किती दिवस लावली ते सांगा. इथं मला नुसत्या कंपोझिशनच्या ओळीचा फोटो टाकला तरी मी वाचून सांगते.