जुना पीएस४ विकताना जाहिरातीत काय लिहावं?

प्रश्न: माझ्याकडे पीएस४ स्लिम आहे, ५०० जीबी. काकांनी दुबईहून आणला होता. कंट्रोलर दोन, अकाउंटवर विकत घेतलेले बरेच गेम्स आणि तीन सीडी. आम्ही दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो. "सगळ्या गेम्ससकट" अशी जाहिरात टाकू का? आणि अकाउंट कसं काढायचं?

उत्तर: "सगळ्या गेम्ससकट" लिहू नका. ऑनलाइन घेतलेले गेम्स मशीनचे नसतात, तुमच्या अकाउंटचे असतात. अकाउंट काढलं की ते तिथे चालत नाहीत. घेणाऱ्याच्या हाती खरंच पडतात त्या फक्त तीन सीडी, तेव्हा त्यांचीच नावं लिहा. आमच्या भागात बरेच जण अकाउंट तसंच ठेवून मशीन देतात. पुढे विकणाऱ्याने पासवर्ड बदलला किंवा दुसऱ्या मशीनला प्रायमरी, म्हणजे अकाउंटचं मुख्य मशीन, केलं की घेणाऱ्याचे गेम्स कुलूपबंद होतात आणि भांडण सुरू होतं. तुमचा ईमेल आणि कार्डही परक्याच्या घरात राहतं, ते वेगळंच.

अकाउंट काढताना क्रम पाळा. आधी गेमची सेव्ह पेनड्राइव्हवर घ्या: `Settings` > `Application Saved Data Management`. खेड्यात आपण बहुतेक नेटशिवाय खेळतो, म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट लावून ट्रॉफी सिंक करून घ्या, नाहीतर अलीकडच्या ट्रॉफी पुसल्या जातील. मग `Settings` > `Account Management` > `Activate as Your Primary PS4` मध्ये जाऊन `Deactivate` करा. बरेच जण हे न करता थेट मशीन पुसतात. पुसल्याने सोनीच्या सर्व्हरवरची नोंद जात नाही, तिथे हेच मशीन तुमचं प्रायमरी राहतं.

शेवटी `Settings` > `Initialization` > `Initialize PS4`, आणि त्यात `Full`. `Quick` लवकर होतं, पण डिस्कवरचा डेटा नीट पुसला जात नाही. `Full` ला काही तास लागतात. मध्येच लाईन गेली तर मशीन अडकू शकतं. मग सेफ मोडमध्ये जाऊन पेनड्राइव्हवरून सिस्टम पुन्हा टाकावी लागते, आणि ती फाइल सुमारे १ जीबीची असते. म्हणून गावठाण फीडरची लाईन टिकते त्या वेळी हे काम काढा, नाहीतर इन्व्हर्टरवर लावा.

हे सगळं करण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवा, कारण पुसल्यावर पडद्यावर फक्त भाषा निवडायचं पान येतं. व्हिडिओत मशीन सुरू होताना दाखवा, सीडी आत जाऊन गेम चालू होताना दाखवा आणि थोडा वेळ खेळून पंख्याचा आवाज ऐकू द्या. आपल्याकडे कापसाची तूस आणि धूळ पंख्यात बसते, मे महिन्यात तर असं मशीन फार लवकर तापतं. आवाज मोठा असेल तर तसंच लिहा. घेणारा घरी येऊन ऐकणारच आहे.

कंट्रोलर दोन आहेत एवढं लिहून भागत नाही. गेममध्ये स्टिकला हात न लावता पाहा: कॅमेरा आपोआप फिरत असेल तर स्टिक ड्रिफ्ट होते आहे. चार्जिंगची पिन हलली की चार्ज तुटतो का, तेही बघा. कोणत्या कंट्रोलरला काय आहे ते वेगवेगळं लिहा.

दुबईच्या मशीनची लोकांना उगाच भीती वाटते. पीएस४च्या गेमच्या सीडीला रिजन लॉक नाही, आपल्याकडची सीडी त्यात चालते. घेणाऱ्याने भारताचं अकाउंट उघडलं की स्टोअरही भारताचंच दिसतं. अडतं ते दोन ठिकाणी. दुबईहून आलेल्या सीडीवर भारताच्या स्टोअरमधला जादा कंटेंट बहुधा जुळत नाही, आणि सिनेमाच्या डीव्हीडी व ब्लू-रेला रिजन असतो. तीन चौकोनी पिनांचा प्लग असेल तर वायर बदला, टेपरेकॉर्डरला लागते ती दोन गोल खाचांची वायर या मशीनला बसते.

स्टोरेज ५०० जीबी लिहा, पण वापरायला साधारण ४०० मिळतात हेही सांगा. एकेक मोठा गेम ५० ते १०० जीबी खातो.

जाहिरात अशी करा, तपासून निघेल तसे शब्द बदला:

"पीएस४ स्लिम, ५०० जीबी (वापरायला सुमारे ४००), दुबईचा, भारतात चालतो. अकाउंट काढलेलं, मशीन पूर्ण पुसलेलं. कंट्रोलर दोन: एक ठीक, दुसऱ्याची डावी स्टिक ड्रिफ्ट. सोबत तीन सीडी, नावं फोटोत. ऑनलाइन गेम्स नाहीत. पंख्याचा आवाज व्हिडिओत ऐका. घरी येऊन सीडी लावून बघा, मग पैसे द्या."

तपासणीसाठी नेट लागत नाही. नवा युजर बनवला की सीडीवरचा गेम ऑफलाइन चालतो. मात्र तो आधी मशीनवर उतरायला वेळ घेतो, म्हणून घेणारा येण्याआधीच सीडी घालून ठेवा.